उधारीची मुदत वाढवावी का? एका दिवसाच्या विक्रीवरून निव्वळ वर्तमान मूल्य काढण्याची पद्धत

विक्री विभागाचा प्रस्ताव नेहमी असाच असतो: ग्राहकांना ३० ऐवजी ६० दिवसांची उधारी द्या, विक्री १५ टक्क्यांनी वाढेल. लेखा विभाग बुडीत येण्यांची भीती घालतो. मग कोणीतरी कागदावर वाढीव नफ्यातून वाढीव बुडीत रक्कम वजा करतो, उत्तर धन येतं आणि प्रस्ताव मंजूर होतो. या हिशोबात चूक असते, पण लोक ती चुकीच्या जागी शोधतात. नव्या ग्राहकांपैकी कोण पैसे बुडवेल यावर तासन् तास चर्चा होते. जे जुने ग्राहक आजही पैसे देतात आणि उद्याही देणार आहेत, ते आता महिनाभर उशिरा देतील, याची किंमत मात्र कोणी मांडत नाही. बहुतेक वेळा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो.

हा खर्च आपोआप पुढे आणणारी एक सोपी पद्धत आहे. वर्षाचा ताळेबंद मांडत बसायचं नाही. फक्त एका दिवसाची विक्री घ्यायची, तिच्यासाठी आज किती पैसे बाहेर गेले आणि किती दिवसांनी किती परत आले ते पाहायचं, आणि येणारी रक्कम आजच्या किमतीत आणायची. जुन्या अटींवर एकदा, नव्या अटींवर एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे मुदतवाढीचं रोजचं निव्वळ वर्तमान मूल्य. व्यवसाय चालू राहणार असल्याने हा फरक रोज मिळत राहतो, म्हणून त्याला रोजच्या व्याजदराने भागलं की संपूर्ण निर्णयाची किंमत कळते.

आधी आकडे गोळा करा, आणि ते बिलांवरून काढा

उदाहरणासाठी एक व्यवसाय घेऊ. वर्षाची विक्री ३ कोटी ६० लाख, सगळी उधारीवर. वर्ष ३६० दिवसांचं धरलं की रोजची विक्री १ लाख रुपये. शंभर रुपयांच्या विक्रीमागे माल, मजुरी, वाहतूक असा विक्रीबरोबर वाढणारा खर्च ७५ रुपये. कार्यालयाचं भाडं, कायम पगार वगैरे स्थिर खर्च यात येत नाहीत, कारण विक्री १५ टक्क्यांनी वाढली तरी ते तेवढेच राहतात. मात्र वाढीव मालासाठी नवं गोदाम घ्यावं लागणार असेल तर तो खर्च स्थिर नाही, तो या निर्णयाचाच खर्च आहे.

आता वसुलीचे दिवस. बिलावर ३० दिवस छापलेले आहेत म्हणून हिशोबात ३० धरू नका. खातेवहीतून गेल्या वर्षभराची बिलं काढा, प्रत्येक बिल किती दिवसांनी जमा झालं ते पाहा आणि सरासरी काढताना बिलाच्या रकमेला वजन द्या. छोटे ग्राहक संख्येने जास्त आणि बहुधा वेळेवर देणारे असतात. ग्राहकांची नुसती सरासरी काढली की आकडा खोटा चांगला दिसतो. वर्षअखेरची येणी भागिले रोजची विक्री हा झटपट मार्गही हंगामी धंद्यात फसवतो, कारण वर्षअखेर हंगामाच्या ऐन भरात आली तर दिवस फुगतात आणि मंदीत आली तर आटतात. आपल्या उदाहरणात छापील मुदत ३० आणि प्रत्यक्ष वसुली सरासरी ४० दिवसांनी होते. बुडीत रक्कम १ टक्का.

नव्या अटींवर काय होईल याचा अंदाज बांधताना जुने आणि नवे ग्राहक वेगळे ठेवा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया गेलं समजा. जुने ग्राहक ६० दिवसांच्या मुदतीवर सरासरी ७२ दिवसांनी देतील असं धरू, आणि त्यांच्यातली बुडीत रक्कम १ वरून १.२ टक्के होईल. जास्त दिवस पैसे बाहेर राहिले की त्या काळात एखाद-दुसरा आडवा पडतोच. मुदत वाढल्यामुळे जे नव्याने येतील त्यांच्याकडून रोज १५ हजारांची विक्री होईल, पण ते सरासरी ८५ दिवसांनी देतील आणि त्यांच्यात ५ टक्के बुडेल. त्यांना आजवर इतरांनी उधारी का दिली नाही, हा प्रश्न विचारलात तर हे आकडे निराशावादी वाटणार नाहीत.

जुन्या ग्राहकांचे ७२ दिवस ठरवताना एक बारकावा आहे. ‘आज १० दिवस उशीर करतात, उद्याही १० दिवसच करतील’ हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. बरोबर ३० व्या दिवशी देणारा शिस्तीचा ग्राहक बरोबर ६० व्या दिवशी देईल. त्याचे पूर्ण ३० दिवस वाढले. आजही ३० च्या मुदतीवर ६५ दिवसांनी देणारा मात्र आपल्याकडे पैसे असतील तेव्हा देतो, मुदतीकडे पाहत नाही. त्याचे कदाचित ५ च दिवस वाढतील. म्हणजे मुदतवाढीचा सगळ्यात मोठा फायदा तुमचे सगळ्यात चांगले ग्राहक घेतात. बिलांचे तीन-चार गट पाडून प्रत्येकाचा वेगळा अंदाज केला तर आकडा बराच विश्वासार्ह होतो.

वाढीव वसुलीसाठी एक माणूस आणि त्याचा फिरण्याचा खर्च मिळून वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे रोज १ हजार.

राहिला व्याजदर. येण्यांमध्ये अडकलेला पैसा तुम्हाला कितीला पडतो तो दर घ्यायचा, आणि तोही पुढच्या रुपयाचा. आजवरच्या कर्जाचा सरासरी दर १२ टक्के असेल, पण बँकेची मर्यादा भरत आली असेल आणि वरचे पैसे १५ टक्क्यांनी मिळणार असतील, तर १५ धरा. येणी हा काही बँकेतल्या ठेवीइतका सुरक्षित पैसा नाही, त्यामुळे ठेवीचा दर तर कधीच नको. आपण १४.४ टक्के घेऊ, म्हणजे रोजचा दर ०.०४ टक्के आणि हिशोबात ०.०००४.

एका दिवसाचा हिशोब

जुन्या अटींवर आज १ लाखाचा माल गेला. खर्च ७५ हजार, तो आजच झाला असं धरू. चाळीस दिवसांनी ९९ हजार येतील. त्यांची आजची किंमत काढायला १ अधिक ४० गुणिले ०.०००४, म्हणजे १.०१६ ने भागायचं. उत्तर ९७,४४१. त्यातून ७५ हजार वजा केले की एका दिवसाच्या विक्रीचं निव्वळ वर्तमान मूल्य २२,४४१ रुपये.

नव्या अटींवर त्याच जुन्या ग्राहकांकडून ९८,८०० येतील, पण ७२ दिवसांनी. भाजक १.०२८८. आजची किंमत ९६,०३४, आणि खर्च वजा जाता २१,०३४. म्हणजे एकही जास्तीचा नग न विकता रोज १,४०७ रुपये गेले. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा.

नव्या ग्राहकांकडून १५ हजारांपैकी १४,२५० येतील, ८५ दिवसांनी. १.०३४ ने भागल्यावर १३,७८१. मालाचा खर्च ११,२५० वजा केला की २,५३१ रुपये शिल्लक.

स्प्रेडशीटमध्ये हेच तीन ओळींत होतं:

```
=100000*(1-1%)/(1+14.4%/360*40)-75000
=100000*(1-1.2%)/(1+14.4%/360*72)-75000
=15000*(1-5%)/(1+14.4%/360*85)-11250
```

आता बेरीज. नव्या ग्राहकांचे २,५३१ आले, जुन्यांकडचे १,४०७ गेले, वसुलीचे १,००० गेले. उरले रोजचे १२४ रुपये. त्यांना ०.०००४ ने भागलं तर ३ लाख १० हजार. उत्तर धन आहे, पण रोजच्या १ लाख १५ हजारांच्या उलाढालीवर १२४ रुपये म्हणजे जेमतेम. आणि यात एक खर्च अजून आलेलाच नाही.

विक्री वाढली की गोदामातला साठाही वाढतो. हा व्यवसाय ३० दिवसांच्या विक्रीइतका माल हाताशी ठेवत असेल, तर नव्या ग्राहकांसाठी ११,२५० गुणिले ३०, म्हणजे ३ लाख ३७ हजार ५०० रुपयांचा जादा माल सुरुवातीलाच भरावा लागेल. ३ लाख १० हजारांतून ते वजा करा: उत्तर २७,५०० रुपये ऋण. प्रस्ताव पलटला.

हे पडताळून पाहायचं असेल तर उलट बाजूने करा. साठ्यात अडकलेल्या ३,३७,५०० वर रोजचं व्याज १३५ रुपये. १२४ मधून १३५ गेले, उरले रोजचे उणे ११. त्याला ०.०००४ ने भागलं की पुन्हा उणे २७,५००. दोन्ही वाटांनी एकच आकडा येतो, पण दोन्ही एकाच हिशोबात वापरू नका. साठा सुरुवातीला वजा केला असेल तर त्याचं रोजचं व्याज पुन्हा लावायचं नाही. पुरवठादार तुम्हाला उधारी देत असेल तर साठ्याचा हा भार हलका होतो. तीस दिवसांची उधारी पूर्ण मालावर मिळत असेल तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. आपण मालाचे पैसे रोखीने जातात असं धरलं आहे.

नेहमीच्या पद्धतीने काय दिसलं असतं

नफा-तोट्याच्या भाषेत हाच प्रस्ताव फार देखणा आहे. वाढीव विक्री १५ हजार, तिच्यावर २५ टक्के म्हणजे ३,७५० रुपये. वाढीव बुडीत रक्कम जुन्यांची २०० आणि नव्यांची ७५०. वसुली १,०००. उरले रोजचे १,८०० रुपये, वर्षाला ६ लाख ४८ हजार. या आकड्यावर सह्या होतात.

जरा जाणकार माणूस पुढे येण्यांवरचं व्याज वजा करतो, आणि इथे जुना वाद सुरू होतो: येण्यांमधली गुंतवणूक विक्री किमतीने मोजायची की खर्चाच्या किमतीने? एकजण म्हणतो, आपण तर मालात ७५ च रुपये घातले, १०० वर व्याज कसलं. दुसरा म्हणतो, येणे १०० चं आहे. दोघंही अर्धे बरोबर. जुन्या ग्राहकांचे १०० रुपये आपल्याला ४० व्या दिवशी मिळणारच होते. ते ३२ दिवस पुढे गेले, म्हणून तिथे पूर्ण १०० वर व्याज लागतं. नवी विक्री मुदत वाढवली नसती तर झालीच नसती, म्हणून तिथे खिशातून गेलेले ७५ च मोजायचे. जुन्यांची वाढीव येणी ३२ दिवस गुणिले १ लाख म्हणजे ३२ लाख, नव्यांची ८५ गुणिले ११,२५० म्हणजे ९ लाख ५६ हजार. एकूण साडेएकेचाळीस लाखांवर १४.४ टक्क्यांनी वर्षाचं व्याज साधारण ६ लाख. ६.४८ लाखांतले बहुतेक तिथेच गेले. जुन्यांनाही ७५ टक्क्यांनीच मोजणाऱ्याला व्याज ४ लाख ८३ हजार दिसतं आणि प्रस्ताव दीड लाखाहून जास्त फायद्याचा वाटतो. दिवसाच्या पद्धतीत हा वाद उद्भवतच नाही, कारण तिथे फक्त पैसा कधी गेला आणि कधी आला एवढंच विचारलं जातं.

एक उलट चूकही सर्रास होते. काही जण येणाऱ्या रकमा १४.४ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतात आणि वर बँकेचं व्याज खर्च म्हणून पुन्हा वजा करतात. भाजकात व्याज आलेलं आहे. दोनदा कापलं तर चांगला प्रस्तावही बुडीत दिसेल. कर धरायचा असेल तर नफा आणि व्याजदर दोन्ही करानंतरचे घ्या. एक करपूर्व आणि एक करोत्तर अशी भेसळ नको.

बुडीत येण्यांची भीती कुठे योग्य आणि कुठे अवाजवी

नव्या अटींवर एकूण बुडीत रक्कम रोज १,९५० होते, म्हणजे १,१५,००० च्या विक्रीवर १.७ टक्के. अहवालात ‘१ वरून १.७ टक्के’ असं लिहिलं की कोणालाच फारसं वावगं वाटत नाही. बेरीज बरोबर आहे, पण तिच्यात नव्यांचे ५ टक्के झाकले गेले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन वेगवेगळे निर्णय एकात मिसळले. नव्या ग्राहकांना उधारी द्यायची का, हा एक निर्णय. जुन्यांची मुदत वाढवायची का, हा दुसरा.

पहिला निर्णय एकटा तपासून पाहा. नव्या ग्राहकाने पैसे बुडवले तर आपले १०० नाही, ७५ जातात. दुसऱ्या बाजूला जे पैसे देतात त्यांच्यावर २५ मिळतात. जादा साठ्याचं व्याज आणि वसुलीचे रोजचे हजार रुपये धरूनही नव्यांपैकी साडेचौदा टक्क्यांपर्यंत रक्कम बुडाली तरी हा निर्णय तोट्यात जात नाही. आपला अंदाज ५ चा आहे. म्हणजे नव्या ग्राहकांच्या बाबतीत घाबरण्याचं कारण नाही, निदान या आकड्यांवर तरी. जुन्यांना हात न लावता फक्त नव्यांना ६० दिवस दिले तर २,५३१ मधून १,००० आणि १३५ वजा जाता रोज १,३९६ रुपये राहतात, आणि त्यांचं मूल्य होतं जवळपास ३४ लाख ९० हजार.

इतका मोठा फायदा जुन्या ग्राहकांना दिलेल्या जादा मुदतीत जिरून जातो. तो बुडत नाही, जुन्यांच्या हाती जातो. नफ्याचं प्रमाण कमी असेल तर चित्र बदलतं, हेही सांगायला हवं. खर्च ७५ ऐवजी ९० असेल तर शंभरामागे दहाच रुपये सुटतात, आणि मग ५ टक्के बुडीत, ८५ दिवसांचं व्याज आणि वसुलीचा खर्च यांत नवे ग्राहकसुद्धा परवडत नाहीत.

मग वेगळ्या अटी द्यायच्या?

कागदावर उत्तर सोपं आहे: नव्यांना ६०, जुन्यांना ३०. व्यवहारात ते टिकत नाही, बातमी फुटते. दहा वर्षं वेळेवर पैसे देणाऱ्याला ३० आणि काल आलेल्याला ६०, हे कळल्यावर तो फोन करणारच, आणि तो चुकीचं काही मागत नसतो. म्हणून हिशोबात हे धरा की काही टक्के जुने ग्राहक मुदत मागून घेतील. जुन्यांपैकी दर १० टक्के विक्री नव्या अटींवर गेली की रोजचे सुमारे १४१ रुपये, म्हणजे मूल्यात साडेतीन लाख कमी होतात. अर्धे जुने सरकले तरी रोजचे जवळपास ७०० रुपये हातात राहतात. जवळजवळ सगळेच सरकले तर मात्र आपण परत उणे ११ वर.

लोक काय मागतील ते अडवता येत नाही, पण वेगळं काही देऊ करता येतं. जुन्यांना सांगा, मुदत ६० ची घ्या किंवा आजच्यासारखे पैसे द्या आणि बिलावर १ टक्का रोख सूट घ्या. जो सूट घेऊन ४० दिवसांनी देतो, त्याच्याकडून मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत ९७,४४१ च्या ९९ टक्के, म्हणजे ९६,४६६ रुपये होते. साठ दिवसांच्या अटीवर तीच ९६,०३४ होती. रोज ४३२ रुपयांचा फरक पडतो, सगळ्यांनी सूट घेतली तर. पण सगळे घेणार नाहीत. ग्राहकाच्या बाजूने पाहा: ९९ रुपये ३२ दिवस आधी दिले तर १ रुपया वाचतो, म्हणजे वर्षाला साधारण ११.४ टक्के. ज्याला स्वतःला १४ टक्क्यांनी कर्ज मिळतं तो सूट सोडून मुदत घेईल. ज्याच्याकडे रोकड पडून आहे तो सूट घेईल. तुमचे जुने ग्राहक कोणत्या गटातले, हे तुम्हालाच माहीत. सूट देताना एक अट मात्र काटेकोर पाळा: तारीख उलटल्यावर सूट कापून पैसे पाठवणाऱ्याला उरलेला टक्का लगेच मागा. दोनदा सोडून दिलंत की ती सूट राहत नाही, भाव कमी झालेला असतो.

कोणता अंदाज चुकला तर किती फटका

उत्तर शून्याच्या इतकं जवळ असताना एक आकडा घेऊन बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक अंदाज थोडा हलवून पाहा.

| काय बदललं | रोजचा फरक, रुपये | मूल्यातला फरक |
|---|---|---|
| विक्रीवाढ १ टक्क्याने कमी | सुमारे १६० कमी | ४ लाख कमी |
| नव्यांमधली बुडीत रक्कम ५ वरून ६ टक्के | १४५ कमी | ३ लाख ६० हजार कमी |
| जुन्यांची वसुली ७२ वरून ७५ दिवस | ११२ कमी | २ लाख ८० हजार कमी |

तिसरी ओळ नीट पाहा. तीन दिवस म्हणजे काहीच नाही. एखादा सुट्टीचा आठवडा, धनादेश दोन दिवस उशिरा. तरी त्याचा फटका नव्या ग्राहकांमधली बुडीत रक्कम जवळपास एका टक्क्याने वाढल्याइतका आहे. बुडीत टक्क्यावर समिती बसते, तीन दिवसांकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

विक्रीवाढ किती झाली की प्रस्ताव ना नफा ना तोटा राहील तेही काढून ठेवा. जुन्यांचे १,४०७ आणि वसुलीचे १,००० मिळून २,४०७ रुपये भरून निघायला हवेत, आणि विक्रीवाढीचा एक टक्का साठ्याचं व्याज जाता सुमारे १६० देतो. म्हणजे १५ टक्क्यांच्या किंचित वर. विक्री विभागाला ‘१५ टक्के वाढ नक्की आहे का’ असं विचारलं तर उत्तर होच येईल. त्याऐवजी विचारा की ती वाढ कोणाकडून येणार, नावं द्या. त्या यादीत आपलेच जुने ग्राहक निघाले आणि ते मुदत मिळते म्हणून दोन महिन्यांचा माल एकदम उचलणार असतील, तर ती वाढ नाही, पुढची विक्री अलीकडे ओढली गेली आहे.

रोजच्या फरकाला व्याजदराने भागताना आपण तो फरक कायम राहील असं मानतो. इथेच सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. स्पर्धकानेही ६० दिवस दिले की तुमच्याकडे आलेले अर्धे ग्राहक परत जातील, पण जुन्यांना दिलेली मुदत काही परत येणार नाही. समजा हे दोन वर्षांनी घडलं. नव्यांकडून साठ्याचं व्याज जाता रोज २,३९६ मिळत होते, त्यातले १,१९८ थांबतील. त्यांची कायमची किंमत जवळपास ३० लाख, आणि दोन वर्षं मागे आणून साधारण साडेबावीस लाख. जो प्रस्ताव उणे साडेसत्तावीस हजारांवर होता तो उणे बावीस-तेवीस लाखांवर जातो. मुदत वाढवायला एक पत्र पुरतं. कमी करायला प्रत्येक ग्राहकाशी वेगळी बोलणी करावी लागतात आणि काहींना गमवावं लागतं. म्हणून कायमच्या हिशोबाशेजारी दोन-तीन वर्षांत फायदा निम्मा होण्याचा हिशोबही मांडा. तोही धन आला तरच प्रस्तावात दम आहे.

मूल्य धन आलं तरी रोकड पुरेल का

निव्वळ वर्तमान मूल्य पैसा किती महाग आहे ते सांगतं, तो मिळेल का ते नाही. नव्या अटी आज लागू केल्या तर पहिले चाळीसएक दिवस काही जाणवत नाही. जुनी बिलं जुन्याच अटींवर जमा होत राहतात. त्यानंतर खड्डा येतो. जे पैसे ४१ व्या ते ७२ व्या दिवसात यायचे ते पुढे सरकलेले असतात. प्रत्यक्षात सगळे ग्राहक एकाच दिवशी देत नाहीत म्हणून वसुली अगदी शून्यावर जात नाही, खड्ड्याचे काठ उतरते असतात. पण त्याचं एकूण आकारमान तेच राहतं: सुमारे ३२ लाख. त्याच काळात नव्या ग्राहकांसाठी रोज ११,२५० चा माल चालूच असतो, आणि त्यांचा पहिला पैसा ८५ व्या दिवसाच्या आसपास. ती रक्कम साडेनऊ लाखांवर जाते. साठ्याचे सव्वातीन-साडेतीन लाख आधीच गेलेले. सगळं मिळून तीन महिन्यांत जवळपास ४५ लाख उभे करावे लागतात.

बँकेची मर्यादा एवढी वाढवून मिळणार आहे का, हे अटी बदलण्यापूर्वी विचारा. बँका बहुधा ठराविक दिवसांहून जुनी येणी तारण म्हणून धरत नाहीत. तुमच्या करारात तो आकडा किती आहे ते वाचा. तो ९० असेल तर ८५ दिवसांच्या सरासरीने देणाऱ्या नव्या ग्राहकांच्या बिलांचा मोठा भाग मर्यादेबाहेर पडेल, आणि नेमक्या त्याच पैशासाठी तुम्हाला महागडं कर्ज काढावं लागेल. मग १४.४ टक्के हा दरच चुकीचा ठरतो. असं दिसलं तर हिशोब नव्या दराने पुन्हा करा.

सुरू केल्यावर काय पाहायचं

शक्य असेल तर सगळीकडे एकदम लागू न करता एका विभागात किंवा एका मालावर सुरू करा. निकाल पाहताना येणी भागिले विक्री हे गुणोत्तर वापरू नका, कारण विक्री वाढत असताना ताजी बिलं जास्त असतात आणि त्या गुणोत्तरातून वसुलीचं खरं चित्र दिसत नाही. एका महिन्याची बिलं एक गट म्हणून बाजूला काढा आणि त्या गटातली किती टक्के रक्कम ६०, ७५ आणि ९० व्या दिवशी जमा झाली ते नोंदवा. जुन्या ग्राहकांचा तक्ता वेगळा, नव्यांचा वेगळा. जुन्यांच्या बाबतीत अडीच-तीन महिन्यांतच ७२ दिवसांचा अंदाज टिकतो की नाही ते कळतं. नव्यांमधली बुडीत रक्कम कळायला सहा-आठ महिने लागतात, तोवर माल जात राहतो. त्यामुळे त्यांच्यासाठी आधीचा इशारा शोधावा लागतो: ज्यांचं पहिलंच बिल १०० व्या दिवशीही पूर्ण जमा झालेलं नाही, त्यांच्याकडे किती रक्कम अडकली आहे. हिशोबात धरलेल्या ५ टक्क्यांच्या तीन-चार पट रक्कम तिथे दिसू लागली तर दुसऱ्या बिलाचा माल थांबवा आणि आधी पहिल्याचे पैसे मागा.